नाव देण्याआधी पदार्थ ओळखा: सहसंयुज संयुगं आणि आम्लं

अकरावी विज्ञानाच्या मुलांना मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. नामकरणाचा धडा सुरू करण्याआधी फळ्यावर चार सूत्रं लिहितो आणि नावं विचारतो: MgCl₂, N₂O₄, HCl, H₂SO₄. उत्तरांमध्ये मॅग्नेशियम डायक्लोराइड हटकून येतं, नायट्रोजन ऑक्साइड येतं आणि हायड्रोसल्फ्युरिक आम्लही येतं. या चुका पाठांतर कमी पडल्यामुळे होत नाहीत. डाय म्हणजे दोन हे मुलांना ठाऊकच असतं. समोरचा पदार्थ कोणत्या प्रकारचा आहे हे न ठरवता ती थेट नावाकडे वळलेली असतात. म्हणून माझ्या वर्गात पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: सूत्रात सुरुवातीला धातू आहे का?

धातू असेल तर संयुग आयनिक धरायचं आणि ग्रीक उपसर्ग बाजूला ठेवायचे. MgCl₂ चं नाव नुसतं मॅग्नेशियम क्लोराइड. मॅग्नेशियमच्या आयनावर दोन धन प्रभार, क्लोराइडवर एक ऋण प्रभार, त्यामुळे एका मॅग्नेशियममागे दोन क्लोराइड येणार हे ठरलेलंच आहे. जे प्रभारावरून आपोआप कळतं ते नावात सांगावं लागत नाही. मॅंगनीज डायऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड अशी नावं कानावर येतात, ती जुन्या वापरातून टिकून राहिली आहेत. त्यांच्याकडे पाहून नियम बनवू नका.

दोन्ही मूलद्रव्यं अधातू असतील तर हा आधार राहत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही एकच जोडी घ्या. N₂O, NO, NO₂, N₂O₃, N₂O₄, N₂O₅ हे सगळे खरोखर अस्तित्वात असलेले वेगवेगळे पदार्थ आहेत. या सगळ्यांना ‘नायट्रोजन ऑक्साइड’ म्हटलं तर नेमका कोणता, हे कुणालाच कळणार नाही. म्हणून अणूंची संख्या नावातच सांगतात: मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. आपल्याला त्रि, पंच, अष्ट, दश ठाऊक असल्यामुळे यातले निम्मे उपसर्ग वेगळे पाठ करावेच लागत नाहीत. टेट्रा आणि हेक्झा यांची मात्र अदलाबदल होते, तेवढे नीट घोटून घ्या.

आता N₂O₄ चं नाव पायरीपायरीने लिहू. सूत्रात पहिलं नायट्रोजन आहे, त्याचं नाव आहे तसंच राहतं. त्याचे अणू दोन, म्हणून डायनायट्रोजन. दुसरं ऑक्सिजन, त्याच्या नावाचा शेवट बदलून ऑक्साइड होतो. अणू चार, म्हणून टेट्रा आणि ऑक्साइड. दोन स्वर एकमेकांना भिडतात तिथे टेट्राचा शेवटचा ‘आ’ गळतो आणि नाव होतं डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. याच कारणाने मोनॉक्साइड आणि पेंटॉक्साइड असं म्हणतात. डाय आणि ट्राय यांचा स्वर मात्र गळत नाही, म्हणून डायऑक्साइड, ट्रायऑक्साइड.

पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याला मोनो लावत नाहीत. CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोनोकार्बन मोनॉक्साइड नव्हे. दुसऱ्या मूलद्रव्याला मात्र मोनो लागतो, कारण कार्बनचं दुसरं ऑक्साइड, CO₂, शेजारीच उभं आहे. पहिलं कोण आणि दुसरं कोण हे सूत्र देणाऱ्याने बहुतेक वेळा ठरवून दिलेलं असतं. साधारणपणे इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढणारं मूलद्रव्य शेवटी येतं. ऑक्सिजन बहुधा शेवटी दिसतो, पण फ्लोरिनपुढे त्याचं चालत नाही, म्हणून OF₂ चं नाव ऑक्सिजन डायफ्लोराइड. पाणी आणि अमोनिया यांना ही पद्धत लावू नका, त्यांची रूढ नावंच सगळीकडे चालतात.

उलट दिशेने, म्हणजे नावावरून सूत्र लिहिताना, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडून एक विशिष्ट चूक होते आणि तिचं मूळ मला चांगलं माहीत आहे. नववीत आपण संयुजांचा तिरकस गुणाकार करून रेणुसूत्र लिहायला शिकतो आणि शेवटी अंकांना भाग जात असेल तर सूत्र लहान करतो. तीच सवय डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडला लावली की N₂O₄ लिहून झाल्यावर हात आपोआप NO₂ कडे जातो. हे दोन वेगळे पदार्थ आहेत. NO₂ हा तपकिरी वायू, N₂O₄ रंगहीन. NO₂ च्या दोन रेणूंपासून N₂O₄ चा एक रेणू बनतो. बंद नळीतला तपकिरी वायू बर्फात थंड केला की रंग फिका पडतो तो यामुळेच. सहसंयुज संयुगाचं नाव त्याच्या रेणूचं असतं, म्हणून नाव सांगतं तेवढेच अणू लिहायचे. तिरकस गुणाकार नाही आणि भागाकारही नाही. वहीत अंक लहान करावासा वाटला, तर संयुग आयनिक आहे का एवढं आधी पाहा.

पहिल्या जागी हायड्रोजन असेल तर दुसरा प्रश्न विचारायचा: पदार्थ पाण्यात विरघळलेला आहे का? HCl हा मुळात वायू आहे आणि वायू असताना त्याचं नाव हायड्रोजन क्लोराइड. तोच वायू पाण्यात विरघळला की द्रावणाला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात. प्रयोगशाळेतल्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीत वजनाने सुमारे 37 टक्के HCl असतं, बाकीचं पाणी. प्रश्नपत्रिकेत सूत्रापुढे कंसात aq लिहिलं असेल तर आम्लाचं नाव द्यायचं, g लिहिलं असेल तर वायूचं. या अक्षरांकडे न पाहता उत्तर लिहिलं की हमखास गुण जातात. H₂S चंही तसंच: वायू हायड्रोजन सल्फाइड, द्रावण हायड्रोसल्फ्युरिक आम्ल. इथे डायहायड्रोजन म्हणत नाहीत, कारण सल्फाइडच्या दोन ऋण प्रभारांवरून हायड्रोजन दोन हे कळतंच. अशा आम्लांच्या नावातही ग्रीक संख्या येत नाही.

हायड्रो हा उपसर्ग कधी लावायचा याबद्दल फार गोंधळ असतो. त्यामागची गोष्ट कळली की तो कमी होतो, असं मला मुलांना शिकवताना दिसलं आहे. 1787 मध्ये पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लव्हॉज्ये, बर्थोले आणि फूरक्रॉय यांनी रसायनांना नावं देण्याची नवी पद्धत मांडली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच असं लव्हॉज्येचं मत होतं. त्यामुळे आम्लांची नावं ऑक्सिजन जास्त की कमी यावरून ठरली: जास्त असेल तर ‘इक’, कमी असेल तर ‘अस’. सल्फ्युरिक आणि सल्फ्युरस ही जोडी तिथली. पुढे 1810 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचं दाखवलं आणि HCl मध्ये ऑक्सिजन नसतो हे स्पष्ट झालं. अशा आम्लांना वेगळी ओळख हवी होती, ती हायड्रो या उपसर्गाने मिळाली. आजही हायड्रो आणि इक दोन्ही दिसले की आम्लात ऑक्सिजन नाही असं समजायचं. H₂SO₄ मध्ये चार ऑक्सिजन आहेत, मग त्याला हायड्रो कसा लागेल?

ऑक्सिजन असलेल्या आम्लाचं नाव हायड्रोजनवरून नाही, उरलेल्या मूलकावरून ठरतं. मूलक ‘एट’ असेल तर आम्ल ‘इक’, मूलक ‘आइट’ असेल तर आम्ल ‘अस’. सल्फेट SO₄²⁻ पासून सल्फ्युरिक H₂SO₄, सल्फाइट SO₃²⁻ पासून सल्फ्युरस H₂SO₃. हायड्रोजन किती लिहायचे हे मूलकाच्या प्रभारावरून. नायट्रेट NO₃⁻ वर एक प्रभार, म्हणून नायट्रिक आम्ल HNO₃. फॉस्फेट PO₄³⁻ वर तीन, म्हणून फॉस्फोरिक आम्ल H₃PO₄. ऑक्सिजन किती असले की ‘एट’ म्हणायचं याचा सरसकट नियम नाही. नायट्रेटमध्ये तीन आणि सल्फेटमध्ये चार असतात. म्हणून नायट्रेट, कार्बोनेट, क्लोरेट, सल्फेट, फॉस्फेट ही पाच सूत्रं प्रभारासकट पाठच हवीत. ऑक्सिजन एकाने कमी झाला आणि प्रभार तोच राहिला की ‘आइट’ मिळतो.

आता या धड्यातली सगळ्यात फसवी जागा. SO₃ आणि SO₃²⁻ यांतले अणू अगदी सारखे दिसतात. पहिला प्रभाररहित रेणू आहे, दोन्ही मूलद्रव्यं अधातू, म्हणून त्याचं नाव सल्फर ट्रायऑक्साइड. दुसरं मूलक आहे, सल्फाइट. सल्फर ट्रायऑक्साइडपासून कोणतं आम्ल होईल असं विचारलं की बरीच मुलं ‘सल्फ्युरस’ म्हणतात, कारण तीन ऑक्सिजन पाहून त्यांना सल्फाइट आठवतो. अंदाज करण्यापेक्षा सूत्रात पाणी मिळवून पाहा. SO₃ मध्ये H₂O मिळवलं की H₂SO₄, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल. SO₂ मध्ये H₂O मिळवलं की H₂SO₃, म्हणजे सल्फ्युरस आम्ल.

कारखान्यात गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनतं तो प्रवास वहीत एका ओळीत लिहून काढा, या धड्यातलं जवळजवळ सगळं त्यात येतं. गंधक हवेत जाळला की सल्फर डायऑक्साइड मिळतो. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकावर साधारण 450 अंश सेल्सिअसला त्याचा सल्फर ट्रायऑक्साइड होतो. तो थेट पाण्यात सोडला तर आम्लाचं दाट धुकं तयार होतं, म्हणून आधी संहत सल्फ्युरिक आम्लात शोषून मग पाण्याने सौम्य करतात. या ओळीत व्हॅनेडियम हा धातू आहे आणि तरी त्याच्या नावात पेंटा आहे. हे मॅंगनीज डायऑक्साइडसारखंच जुनं नाव.

क्लोरिनपाशी पोचलात की आम्लं दोनाऐवजी चार होतात. HClO₃ क्लोरिक आणि HClO₂ क्लोरस ही नेहमीची जोडी. क्लोरिकपेक्षा एक ऑक्सिजन जास्त असेल तर ‘पर’, म्हणून HClO₄ परक्लोरिक. क्लोरसपेक्षा एक कमी असेल तर ‘हायपो’, म्हणून HClO हायपोक्लोरस. हायपो आणि हायड्रो घाईत सारखेच वाचले जातात. नाव लिहून झालं की सूत्रात ऑक्सिजन आहे का ते बोटाने तपासा.

व्हिनेगरमधल्या आम्लाचं सूत्र CH₃COOH असं लिहितात आणि त्यात आम्लाचा हायड्रोजन सुरुवातीला नसून शेवटी असतो, त्यामुळे ‘पहिल्या जागी हायड्रोजन’ ही खूण तिथे उपयोगी पडत नाही. मूलकाचा नियम मात्र तिथेही चालतो: CH₃COO⁻ म्हणजे ॲसिटेट, म्हणून आम्ल ॲसिटिक.