ताकाचं शेल्फ कार्ड करताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की ताकाची कामं येऊ लागतात. एखादी डेअरी २०० मिलीच्या पाऊचमध्ये किंवा बाटलीत नवं मसाला ताक काढते. सुपरमार्केटमध्ये जागा मिळालेली असते आणि पुढच्या आठवड्यापर्यंत फळीवर लावायला कार्ड हवं असतं. गेली कित्येक वर्षं मी ही कार्डं करतोय, नव्या मुलांनी केलेली दुरुस्तही करतोय. चुका दरवर्षी त्याच असतात आणि त्यांचं मूळही बहुतेक वेळा एकच असतं. कार्ड लॅपटॉपवर तयार होतं आणि करणारा माणूस चिलरपुढे एकदाही उभा राहिलेला नसतो.

कार्डावर सगळं असतं, फक्त गिऱ्हाईकाला हवं ते नसतं

माझ्याकडे आलेल्या एका कार्डावर हा मजकूर होता: ‘उन्हाळ्याचा खरा सोबती! पारंपरिक चवीचं, पौष्टिक आणि थंडगार मसाला ताक आता तुमच्या जवळच्या दुकानात.’ हे कार्ड वाचणारा माणूस दुकानातच उभा आहे. ताक थंडगार आहे हे त्याला चिलरमध्ये हात घातल्यावर कळणारच आहे.

दुग्धपदार्थांच्या चिलरपाशी थोडा वेळ थांबून लोक काय करतात ते बघा. नवं पाकीट हातात घेतात, उलटं करून मागचं बारीक वाचतात आणि शेजारच्याला विचारतात, “हे गोड आहे का हो?” ताकाचं पाकीट लस्सीच्या शेजारी असतं, दोन्हींवर पांढऱ्या पेल्याचा फोटो असतो, रंगही तसेच निळे-पांढरे. एका दुकानातल्या मुलीने मला सांगितलं, की एक बाई पोरासाठी लस्सी समजून चार पाकिटं घेऊन गेल्या. पोराने पहिल्याच घोटाला थुंकलं, कारण आत हिरवी मिरची होती. त्या चार पाकिटांचं ठीक आहे, पण ते घर आता त्या ताकाकडे वळणार नाही.

म्हणून नव्या ताकाच्या कार्डाने दोनच गोष्टी सांगायच्या: हे खारं आहे, आणि तिखट किती आहे. घरात म्हातारं माणूस असो की लहान मूल, विकत घेताना ठरवायचं असतं ते यावरूनच. पुदिना, जिरं, आलं ही नावं त्यानंतर, जागा उरली तर.

आता जागेचं बघू. फळीच्या कडेला दराच्या चिठ्ठ्या लावायची जी पट्टी असते, ती बऱ्याच दुकानांत ३९ मिमी उंचीची असते. तिच्या वरच्या-खालच्या ओठांखाली कार्डाचा साधारण तीन-तीन मिमी भाग झाकला जातो, म्हणजे हाती उरतात ३३. फलक रंगवणारे एक हिशोब धरतात: तीन मीटरवरून नीट वाचायला पंचवीस मिमी उंचीचं अक्षर. ट्रॉली घेऊन जाणारा माणूस चिलरपासून दीड मीटरवर असतो, त्याला साडेबारा मिमीचं अक्षर हवं. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची आहे, वेलांटी आणि उकार त्यात धरायचे नाहीत.

‘मसाला ताक’ या शब्दांचं नशीब चांगलं आहे. त्यांत नुसते काने आहेत, वर वेलांटी नाही आणि खाली उकार नाही, त्यामुळे ते १४ मिमीत सहज बसतात. खाली चार मिमी मोकळे सोडायचे. मग दुसरी ओळ, ‘खारं, मिरची कमी’, ७ मिमीची. तिच्या अनुस्वाराला आणि वेलांट्यांना वर तीनेक मिमी लागतात. सगळं मिळून २८ झाले आणि पाच मिमी श्वास घ्यायला उरले. पहिली ओळ चालत्या माणसाला थांबवते, दुसरी तो हात पुढे करतो तेव्हा वाचली जाते. तिसऱ्या ओळीला जागाच नाही. मालकाने कितीही आग्रह केला तरी ती घालू नका, कारण ती घातली की पहिल्या दोन्ही बारीक होतात. मला हा वाद दर वेळी घालावा लागतो आणि मी घालतो.

चिलरमध्ये कागद लावणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मार्चच्या शेवटी वीस दुकानांत साठ कार्डं लावायची होती. घाई होती. प्रेसवाला म्हणाला, ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड करू, दोन्ही बाजूंनी ग्लॉस लॅमिनेशन मारू, पाण्याचं भय नाही. मी हो म्हणालो. शुक्रवारी कार्डं डबल टेपने लागली, फोटो आले, फोटोत छान दिसत होती. सोमवारी मी एका दुकानात गेलो. तीन कार्डांपैकी एक खालच्या जाळीत पडलेलं होतं. दुसरं कडेने उमलून पुढे वाकलं होतं आणि नेमकं आपल्याच ताकाचं नाव झाकत होतं. तिसरं दिसलंच नाही. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणाला, “ते ओलं झालं होतं दादा, मी काढून टाकलं.” त्याचं काही चुकलं नव्हतं.

झालं असं, की लॅमिनेशन कार्डाच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर होतं, पण कार्ड कापल्यावर चारही कडा उघड्या राहिल्या. चिलर चार-पाच अंशांवर चालतो. बाहेरची दमट हवा आत शिरली की थंड पत्र्यावर आणि कार्डावर दव धरतं. ते पाणी उघड्या कडेतून कागद शोषतो. कागद फुगतो, फिल्म फुगत नाही, मग कार्ड वळतं आणि शेवटी थर सुटतात. टेपचंही तसंच. दव धरलेल्या पत्र्यावर ती लावताना चिकटल्यासारखी वाटते, पण तिच्याखाली पाण्याचा पापुद्रा असतो.

तेव्हापासून चिलरच्या आत कागद लावायचा नाही, हे मी ठरवून टाकलंय. पातळ पीव्हीसी शीटवर किंवा न फाटणाऱ्या सिंथेटिक कागदावर छापतो. बजेट अगदीच नसेल तर पाऊच लॅमिनेशन करतो, पण कार्डाच्या चारही बाजूंना किमान तीन मिमी प्लॅस्टिकची कड एकमेकीला चिकटलेली ठेवून. ती कड ‘नीट दिसत नाही’ म्हणून कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ती कापली की लॅमिनेशनचा उपयोग संपला. टेप शक्यतो टाळतो आणि कार्ड पट्टीत सरकवायच्या मापाचं करतो. टेप लागणारच असेल तर जागा कोरड्या फडक्याने पुसून, वाळू देऊन मगच लावायला सांगतो.

छपाईला जाण्याआधी एक नमुना घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवतो. सकाळी दहा मिनिटं बाहेर काढायचा, दव धरू द्यायचं, परत आत. असं तीनदा. कड नखाने उचलली जात असेल तर तो माल चालणार नाही. यात एक दिवस जातो. ज्यांना तो एक दिवस जड वाटतो, त्यांचीच कार्डं सोमवारी जाळीत सापडतात.

लॅमिनेशन करायचंच तर मॅट करा. चिलरचे दिवे वरून पडतात आणि ग्लॉसवर पांढरा पट्टा चमकतो, नेमका नावावर.

हलणारं कार्ड कुठेही लावणं

प्लॅस्टिकच्या काडीवर डुलणारा वॉबलर सगळ्यांना आवडतो. पण उघड्या चिलरमध्ये समोरून थंड हवेचा पडदा वरून खाली पडत असतो आणि खालच्या जाळीतून परत आत ओढला जातो. त्या पडद्यात पुढे आलेलं कार्ड हवा फोडतं. मोठी कार्डं ओळीने लावली तर आतला माल पुरेसा थंड राहत नाही आणि देखभाल करणारा माणूस सगळी उपटून काढतो. काचेचं दार असलेल्या चिलरमध्ये वॉबलर दारात अडकतो. दोन्हीकडे पट्टीतलं सपाट कार्डच टिकतं.

देवनागरी न तपासता छापायला देणं

मजकूर व्हॉट्सअॅपवर बरोबर असतो, डिझाइनच्या फाइलमध्ये चिकटवला की ‘मिरची’ची पहिली वेलांटी म च्या पुढे जाऊन बसते आणि ‘मठ्ठा’ पाय मोडून ‘मठ्‌ठा’ होतो. इलस्ट्रेटरमध्ये `Preferences` > `Type` मध्ये `Show Indic Options` चालू करा आणि परिच्छेदासाठी दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून प्रेसला पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून पाठवा. पण कर्व्ह करण्याआधी एक प्रिंट काढून घरातल्या मराठी वाचणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. मी आईला देतो. तिने एकदा ‘जिरं’च्या जागी ‘जिर’ पकडलं होतं, मला आणि प्रेसला दोघांनाही ते दिसलं नव्हतं.

शब्द कोणता वापरायचा हेही इथेच ठरवा. ‘छास’ लिहून आलेलं कार्ड मी पुण्यातल्या दुकानासाठी कधीच तसंच छापत नाही. इथे ‘ताक’ म्हणतात. ‘मठ्ठा’ म्हटलं की लग्नाच्या पंगतीतला जिलबीबरोबरचा मठ्ठा आठवतो. पाकिटावर जे नाव आहे तेच कार्डावर हवं, नाहीतर माणूस फळीवर दुसरंच शोधत राहतो.

बाकीच्या, थोडक्यात

किंमत कार्डावर छापू नका. दुकान ऑफर बदलतं आणि कार्ड खोटं ठरतं. दुकानाच्या दराच्या चिठ्ठीएवढी जागा मोकळी सोडा.

‘अॅसिडिटी घालवतं’, ‘पोटाचे विकार बरे करतं’ असलं काही लिहू नका. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत आजार बरा होण्याचा दावा चालत नाही आणि शेल्फ कार्ड ही जाहिरातच आहे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘पारंपरिक’ या शब्दांवरही अटी आहेत. ‘लो फॅट’ लिहायचं तर पेयात १०० मिलीमागे स्निग्धांश दीड ग्रॅमपेक्षा जास्त नको. डेअरीकडून लॅबचा कागद आल्याशिवाय मी तो शब्द टाकत नाही.

पांढऱ्यावर पांढरं ताक दाखवू नका. पेल्यामागे गडद रंग घ्या, वर कोथिंबीर आणि भरडलेलं जिरं दिसू द्या, नाहीतर ते दूध वाटतं.

क्यूआर कोड नको. थंड चिलरपुढे दार धरून फोन काढणारं गिऱ्हाईक मला आजवर दिसलेलं नाही.

आणि छपाईची ऑर्डर देण्याआधी साध्या कागदावर खऱ्या मापाचं कार्ड काढा, दुकानाच्या मॅनेजरची परवानगी घ्या, ते पट्टीत सरकवा आणि चार पावलं मागे या. मग शेजारून जाणाऱ्या कुणाही तिघांना विचारा, “हे गोड आहे की खारं?” तिघांपैकी एकानेही पाकीट उलटं केलं तर घरी जाऊन दुसरी ओळ मोठी करा.