केवडा की भुरी: फोटो पानाच्या पाठीचा आणि घडाच्या देठाचा घ्यावा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्ष बागायतदार सल्ल्यासाठी जे फोटो पाठवतात, त्यांतील बहुतेक पानाच्या वरच्या बाजूचे आणि दुपारच्या उन्हात काढलेले असतात. अशा फोटोवरून केवडा आणि भुरी या द्राक्षावरील दोन बुरशीजन्य रोगांत फरक करणे अवघड जाते.

समजा, निफाड भागातील थॉमसन सीडलेसच्या बागेत फुलोऱ्याच्या सुमारास पानांवर फिकट पिवळे, तेल सांडल्यासारखे डाग दिसले. ही लक्षणे केवड्याची असली, तरी खात्री पानाच्या पाठीवरच होते. केवड्याची बुरशी रात्रीच्या अंधारात, हवेत भरपूर ओलावा असताना पर्णरंध्रांतून बाहेर येते; म्हणून सकाळी लवकर पान उलटले, तर त्याच डागाच्या बरोबर खाली कापसासारखी पांढरी वाढ दिसते आणि वरच्या बाजूला ती नसते. दुपारपर्यंत ही वाढ सुकून पुसट होते. त्यामुळे एकाच पानाचे, वरून आणि खालून, असे दोन फोटो सकाळीच घ्यावेत. फ्लॅश बंद ठेवून प्रकाश तिरका पडू द्यावा, म्हणजे वाढीचा उठाव दिसतो.

तरीही शंका राहिली, तर ताजे डाग असलेली पाने ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर घरातच अंधारात ठेवावीत. केवडा असल्यास सकाळी डागाखाली बहुधा पांढरी वाढ येते. मात्र डाग जुने, वाळून तपकिरी झालेले असतील, तर काही न दिसणे हा केवडा नसल्याचा पुरावा मानू नये. पानाच्या पाठीवर पांढरट लव आणि वरच्या बाजूला फुगवटे असतील, तर तो रोग नसून कोळी या किडीचा प्रादुर्भाव आहे.

भुरीला पान ओले होण्याची गरज नसते. ती पानाच्या दोन्ही बाजूंवर, विशेषतः दाट कॅनॉपीच्या सावलीतील पानांवर, राखेसारखी पसरते आणि बोटाने पुसली जाते.

घडावर खरी फसगत होते, कारण निरोगी मण्यावरही मेणासारखी पांढरट नैसर्गिक लव असते. ती पुसली की खालची साल स्वच्छ व गुळगुळीत दिसते. भुरी पुसली, तर खाली तपकिरी जाळीदार खुणा राहतात आणि असे मणी पुढे तडकतात. म्हणून पुसण्यापूर्वीचा आणि पुसल्यानंतरचा, असे दोन फोटो हवेत. केवड्यात कोवळा घड वाकडा होऊन तपकिरी पडतो आणि त्यावर पांढरी वाढ येते. मणी मोठे झाल्यावर मात्र रोग देठातून आत शिरतो, आणि मणी वर पांढरे काहीही न दिसता तपकिरी होऊन सुरकुततात. त्यामुळे देठाजवळचा फोटो आवर्जून घ्यावा.

ही ओळख चुकली, तर फवारणी वाया जाते, कारण गंधक भुरीवर चालते, केवड्यावर चालत नाही.