स्पॅमच्या खोट्या तक्रारीने नंबर बंद झालाय? कंपनीला पत्र लिहिताना या चुका टाळा

ओळखीतल्या छोट्या व्यावसायिकांना मी अशी पत्रं लिहून देतो. माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी एक पत्र घाईघाईने स्वतःच धाडलेलं असतं, आणि पुढची अर्धी मेहनत त्या पत्राने केलेलं नुकसान भरून काढण्यात जाते.

आधी नंबर बंद का होतो ते समजून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १९०९ वर किंवा डीएनडी अॅपवर कुणी तक्रार केली, की ज्या कंपनीचं सिम तुमच्याकडे आहे ती कंपनी कॉलच्या नोंदी तपासते. तुमच्या नंबरावरून तक्रारदाराला त्या वेळी कॉल किंवा एसएमएस गेला होता का, एवढंच त्या नोंदीत दिसतं. काय बोलणं झालं ते दिसत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच जणांच्या तक्रारी कारवाईला पुरतात. पूर्वी सात दिवसांत दहा लागत. पहिल्या वेळी आउटगोइंग पंधरा दिवस बंद होतं. पुन्हा तसंच घडलं तर सगळ्या कंपन्यांकडची तुमची कनेक्शन्स वर्षभरासाठी तोडली जातात आणि नाव काळ्या यादीत जातं. म्हणून "पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे" म्हणत गप्प बसणं मला पटत नाही. पहिली कारवाई खोट्या तक्रारींवर झालेली असेल, तर ती नोंद खोडून घ्यायलाच हवी.

पत्रात नकळत कबुली देणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

नाशिकला कॉलेजच्या मुलांना डबे देणाऱ्या एक काकू आहेत. एका फ्लॅटमधल्या सहा मुलांचे महिन्याचे १६,८०० रुपये थकले. काकूंनी तीन दिवस सगळ्यांना फोन केले. पैसे आले नाहीत, पण चौथ्या दिवशी काकूंचं आउटगोइंग बंद झालं. इनकमिंग चालू, ओटीपी येत होते, बाहेर मात्र एक फोन लागेना. आपल्यावर तक्रारी झाल्यात हे त्यांना कंपनीच्या एसएमएसवरून कळलं.

त्या रात्री त्यांनी तीन पानी पत्र लिहिलं. नवऱ्याचं आजारपण, मुलीची फी, सगळं खरं आणि सगळं त्यात आलं. शेवटी हे वाक्य: "नवीन दर आणि रविवारची स्पेशल थाळी एवढंच मी सगळ्यांना कळवते, त्यात काय गैर आहे? तरी चूक झाली असल्यास क्षमा असावी, पुन्हा असे होणार नाही." कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. व्यावसायिक संदेश पाठवत असल्याचं आपण मान्य केलं आहे, सबब कारवाई कायम.

साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे कॉल-एसएमएस करणं हाच तर मूळ आरोप असतो. काकूंनी माणुसकीला हाक घातली, आणि वाचणाऱ्याने त्यातून नेमकी कबुली उचलली. चूक केलेली नसेल तर माफी मागू नका. नेटवरून उतरवलेल्या तयार नमुन्यांत आणि काउंटरवर पुढे सरकवलेल्या हमीपत्रात हे "पुन्हा होणार नाही" हमखास असतं. सही करण्याआधी ते वाक्य शोधा आणि खोडा. दोन मिनिटं वाचायला नको म्हणून लोक सही ठोकतात, याचा मला खरंच त्रास होतो.

तक्रारीतले कॉल कोणते, हे न विचारणं

तक्रारदाराचं नाव कंपनी सांगेल अशी आशा धरू नका. पण कोणत्या तारखेच्या, किती वाजताच्या कॉलबद्दल तक्रार आहे हे मागा. वेळ कळली की तुमच्या फोनमधल्या नोंदीशी ती जुळवता येते. म्हणून नंबर बंद झाल्याझाल्या, फोन रिसेट करण्याआधी, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रीपेडवाल्यांनाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो; त्याचं शुल्क पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

काकूंचं दुसरं पत्र एका पानाचं होतं. गाभा असा:

"माझ्या नावावरील वरील क्रमांकाची आउटगोइंग सेवा दि. … पासून बंद आहे. तक्रारीतील कॉल मी केले, हे मला मान्य आहे. ते जाहिरातीचे नव्हते. संबंधित व्यक्ती माझ्या डब्याच्या नियमित ग्राहक असून थकीत रकमेच्या वसुलीसाठी हे कॉल केले. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, कारण आणि पुरावा सोबतच्या तक्त्यात दिला आहे. कृपया चौकशीचा निष्कर्ष व त्याचा आधार लेखी कळवावा, सेवा पूर्ववत करावी आणि या कारवाईची नोंद रद्द करावी."

सोबत डब्याच्या वहीची पानं आणि त्याच मुलांनी आधीच्या महिन्यांत यूपीआयने भरलेल्या पैशांच्या नोंदी. कॉल झाला हे नाकारायचं नाही, ती नोंद कंपनीकडे असतेच. तुमचं आणि समोरच्याचं आधीपासून काय नातं आहे, ते दाखवायचं. थाळीच्या वाक्याचाही खुलासा केला: ते संदेश व्हॉट्सअॅपवर जात, एसएमएसने नव्हे, आणि ही नियमावली कॉल व एसएमएसपुरती आहे. आठव्या दिवशी नंबर चालू झाला.

तुम्ही खरोखरच ऑफरचे एसएमएस पाठवले असतील, तर असलं पत्र लिहू नका. खोटं बोलून नंबर सोडवायला मी कुणाला मदत करत नाही.

दुसरं सिम घेणं

आउटगोइंग बंद होतं ते तुमच्या नावावरच्या सगळ्याच नंबरांचं. मग बायकोच्या नावावर सिम घेऊन त्याच लोकांना तेच फोन लावले जातात, आणि ज्यांनी आधी तक्रार केली ते पुन्हा करतात. आता घरातली दोन नावं अडकली. कंपनीचं उत्तर येईपर्यंत कळ काढा.

थोडक्यात बाकीच्या

सिम ज्याच्या नावावर, सही त्याचीच. सिम मुलाच्या नावावर असेल, तर त्यात दिवस जातात.

कंपनीची नोटीस एसएमएस किंवा ईमेलने येते. जाहिरात समजून ती पुसू नका, उत्तर द्यायची संधी तिच्यातच असते.

इनकमिंगही बंद असेल तर बहुधा हे प्रकरण वेगळं आहे. संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेतून कुणी तुमचा नंबर फसवणुकीचा म्हणून कळवला असेल तर कंपनी ओळख पुन्हा पडताळते. तिथे पत्राआधी कागदपत्रं घेऊन जा.

फोनवर भांडून काही होत नाही. तक्रार नोंदवा, डॉकेट क्रमांक घ्या, तो पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा.

मुदत चुकीच्या दिवसापासून मोजणं

कंपनीने ऐकलं नाही तर कारवाईपासून ६० दिवसांत ट्रायकडे दाद मागता येते. पुरावा अपुरा वाटला तर ट्राय सेवा पूर्ववत करायला आणि काळ्या यादीतून नाव काढायला सांगू शकते. चूक झाली होती, पण ती पुन्हा होऊ नये म्हणून पावलं उचलली आहेत, असं पटवता आलं तर प्रत्येक नंबरामागे ५,००० रुपये भरून सुटकेचा मार्गही तिथेच आहे. हे ६० दिवस नंबर बंद झाला त्या दिवसापासून धरतात. लोक कंपनीच्या नकाराच्या पत्रापासून मोजतात आणि मुदत हातची घालवतात. मी फाइलच्या पुठ्ठ्यावर पहिल्याच दिवशी दोन तारखा लिहितो: नंबर बंद झाल्याची, आणि त्यापुढच्या पंचेचाळिसाव्या दिवसाची. त्या दुसऱ्या तारखेपर्यंत कंपनीचं उत्तर आलेलं नसलं, तरी ट्रायकडचा अर्ज मी पाठवून देतो.