रज्जु पोरुत्तम पाहताना या चुका टाळा

मुलाचं नक्षत्र ज्येष्ठा, मुलीचं मघा. आपल्या पद्धतीने गुण मोजले तर नाडी 8, भकूट 7, गण 6 आणि ग्रहमैत्री 5, म्हणजे बाकीचे चार कूट धरण्याआधीच 26 होतात. मराठी घरात एवढ्यावर बैठक ठरते. तीच जोडी तमिळ जोशांकडे नेली, तर त्यांच्या दहा पोरुत्तमांपैकी, म्हणजे जुळणीच्या कसोट्यांपैकी, दिन आणि गण जुळूनही ते रज्जुपाशी अडतील. रज्जुत नक्षत्रं शरीराच्या अवयवांनुसार गटांत वाटतात आणि ही दोन्ही नक्षत्रं पाद-रज्जुची, म्हणजे पायाच्या गटातली आहेत.

इथेच पहिली चूक होते. दहा पोरुत्तमांपैकी बरेच जुळले की झालं, असं आपण धरतो. तमिळ परंपरेत रज्जु या बेरजेत जिरत नाही. त्याला मांगल्य पोरुत्तम म्हणतात आणि त्याचा संबंध थेट तालीशी, म्हणजे मंगळसूत्राशी, आणि सौभाग्य किती टिकेल याच्याशी जोडतात. बाकीच्या पोरुत्तमांचा विषय स्वभाव, आकर्षण, घराची भरभराट. तिथे उणं पडलं तर सांभाळून घेता येतं, पण जोडीदाराच्या आयुष्याच्या बाबतीत तडजोड कशी करायची, असा त्यामागचा विचार. पटो न पटो, समोरचं घर तिथे का हटून बसतं ते यातून कळतं.

नियम एका वाक्याचा आहे: दोघांची नक्षत्रं एकाच अवयवाच्या गटात नसावीत. गट पाठ करण्यापेक्षा बोटांवर मोजा. अश्विनी पाय, भरणी मांडी (कटी), कृत्तिका नाभी, रोहिणी कंठ, मृग शिर. इथपर्यंत चढ. मग उतार: आर्द्रा कंठ, पुनर्वसू नाभी, पुष्य मांडी, आश्लेषा पाय. मघापासून पुन्हा पायापासून चढायचं आणि मूळपासून तिसऱ्यांदा. मोजणी बहुतेकांची याच सांध्यावर चुकते. आश्लेषा पायावर संपली म्हणून मघा मांडीवर टाकतात आणि पुढची अठरा नक्षत्रं सरकतात. सांध्यावर पाय लागोपाठ दोनदा येतो. पडताळा सोपा आहे: शिर-रज्जुत मृग, चित्रा आणि धनिष्ठा ही तीनच नक्षत्रं येतात, बाकी चार गटांत सहा-सहा. शिरात चौथं आलं की मोजणी फसली.

चढ-उतार पुढेही कामाला येतो. मघा चढणीवरचा पाय, ज्येष्ठा उतरणीवरचा. गट एक पण दिशा वेगळी असेल तर दोष सौम्य, असं काही जोशी मानतात. शिवाय पाद-रज्जुचं फळ भटकंती, घर स्थिर नसणं असं सांगतात. मांडीला पैशाची ओढाताण, नाभीला संततीची अडचण, कंठाला पत्नीच्या आणि शिराला पतीच्या जिवाला धोका. म्हणून वरच्या जोडीवर बोलणी होऊ शकतात, पण चित्रा-धनिष्ठा या जोडीवर सहसा नाही. ‘रज्जु जुळत नाही’ एवढंच ऐकून परत येऊ नका. कोणता रज्जु आणि दिशा कोणती, हे विचारा.

दुसरी चूक खास आपली: ‘नाडी वेगळी आहे, म्हणजे रज्जुही सुटला.’ मांडी आणि शिर या गटांची सगळी नऊ नक्षत्रं मध्य नाडीतली आहेत, तेव्हा त्यांच्यातला रज्जुदोष आपल्याकडे एकनाडी म्हणून आधीच पकडला जातो. पाय, नाभी आणि कंठ यांची नक्षत्रं मात्र आद्य आणि अंत्य नाडीत विखुरलेली आहेत. ज्येष्ठा आद्य, मघा अंत्य. म्हणून नाडीचे पूर्ण 8 मिळाले आणि रज्जु हुकला.

मल्याळी कुटुंब असेल तर तमिळ तक्ता बाजूला ठेवा. केरळात ‘मध्यम रज्जु’ पाहतात आणि त्यात नेमकी ही मध्य नाडीची नऊ नक्षत्रं येतात. भरणी आणि चित्रा ही जोडी घ्या. तमिळ हिशेबाने एक मांडी, एक शिर, म्हणजे रज्जु जुळला. केरळच्या हिशेबाने दोन्ही मध्यम रज्जुत, म्हणजे दोष. उलट आपली ज्येष्ठा-मघा केरळात या कसोटीला सहज उतरते.

आणि उत्तर येण्याआधी नक्षत्र खात्रीचं करा. नावरसावरून काढलेलं चालणार नाही, जन्मवेळेचं चंद्रनक्षत्रच लागतं. चरण कोणता, याने रज्जु बदलत नाही. पण जन्म नक्षत्र पालटण्याच्या सुमारास झाला असेल तर सगळंच बदलतं. तमिळनाडूत वाक्य आणि तिरुकणित अशी दोन पंचांगं चालतात आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. एकात आश्लेषा संपत असताना दुसऱ्यात मघा लागलेली असेल तर रज्जु पायच राहतो, फक्त उतरणीची चढण होते. पण चित्रा-स्वातीच्या सीमेवर शिराचा कंठ होतो. अशा वेळी दोन्ही पत्रिका एकाच पंचांगावरून पुन्हा मांडून घ्या.