ओट्यावरची मुंग्यांची रांग : पुसण्याआधी तिचा माग काढा, या चुका टाळा

सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की हात आधी फडक्याकडे किंवा स्प्रेकडे जातो. सगळ्यात मोठी चूक हीच. रांग म्हणजे मुंग्यांनी काढून ठेवलेला नकाशा असतो. खाऊ सापडलेली मुंगी घरट्याकडे परतताना पोटाच्या टोकातून वासाचा एक माग जमिनीवर सोडत जाते, आणि बाकीच्या त्या वासावरून येतात. तुम्ही मुंग्या मारल्यात तरी खाऊ तिथेच राहतो. दुपारपर्यंत दुसऱ्या मुंग्या तो शोधून काढतात, आणि रांग कुठून कुठे जात होती हे मात्र तुम्हाला आता कळत नाही.

म्हणून दहा मिनिटं काही पुसू नका. रांगेला दोन टोकं असतात, खाऊचं आणि घरट्याचं. कुठलं कुठलं हे मुंग्यांकडे जवळून पाहिलं की कळतं. गोड खाऊन परतणाऱ्या मुंगीचं पोट फुगलेलं, ताणलेलं आणि चकचकीत दिसतं, किंवा तिच्या तोंडात कण असतो. त्या जिकडे जातात तिकडे घरटं. उलट दिशेने जाणाऱ्या, बारीक पोटाच्या मुंग्यांच्या मागे गेलात की खाऊ सापडतो. रांग टाइलच्या फटीत किंवा ओट्याच्या कडेखाली शिरली, तर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून मारलेल्या प्रकाशात न दिसणाऱ्या मुंग्यांच्या सावल्या पडतात. आत येण्याच्या जागी पेन्सिलीने खूण करून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे साखरेचा डबा उघडून पाहायचा, त्यात मुंगी नाही म्हणून शोध थांबवायचा. समजा रांग खिडकीच्या चौकटीतून येते, शेगडीच्या मागून जाते आणि ट्रॉलीत उतरते. साखर, गूळ दोन्ही घट्ट बंद आहेत. तरी रांग ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात संपते, तिथे काकवीची बाटली आहे. बाटली उचलली की खाली चिकट कडं दिसतं, कारण ओतताना एक ओघळ बाहेरून उतरून बुडाशी वाळलेला असतो. झाकणाच्या आट्यांमध्येही थर साचलेला असतो. बाटली बाहेरून, झाकण आतून गरम पाण्याने धुवा, ट्रॉलीचा तळ साबणाच्या पाण्याने पुसा. कोरडं फडकं फिरवून वाळलेला पाक निघत नाही. हेच मिक्सरच्या बुडाखाली, शेगडीच्या पायांशी आणि कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी घडतं. रांग फ्रिजमागे गेली असेल तर तिथे मेलेलं झुरळ आहे का ते पाहा; मुंग्यांना गोडाइतकंच तेही चालतं.

खाऊ काढल्यावरच रांग पुसायची, आणि अर्धी नाही, पेन्सिलीच्या खुणेपर्यंत सगळी. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा पुरतो. नुसत्या ओल्या फडक्याने वासाचा माग पूर्ण जात नाही. फडकं मध्येमध्ये धुऊन घ्या. हळद किंवा मुंग्यांच्या खडूची रेघ मारली की मुंग्या थोडा वेळ गोंधळतात आणि वळसा घालून येतात, कारण खाऊ अजून आत असतो.

फट बुजवणं शेवटी. आधी बुजवली तर आत राहिलेला खाऊ त्यांना दुसऱ्या वाटेने बोलावतो. टाइलच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरा, खिडकीच्या चौकटीभोवती सिलिकॉन.

डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची जुनी युक्ती चांगली आहे, पण दोन-तीन दिवसांनी पाण्यावर धूळ आणि पिठाची साय धरते आणि तिच्यावरून मुंग्या चालत जातात. पाणी रोज बदला, त्यात लिक्विडचे दोन थेंब टाका, आणि डबा भिंतीला टेकू देऊ नका.

घरटं भिंतीतच असेल आणि रांग परत परत लागत असेल, तरच आमिष लावा. अर्धा लिटर पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि एक सपाट चहाचा चमचा बोरिक पावडर विरघळवा, त्यात कापूस भिजवून तो बाहेरच्या बाजूला, रांगेशेजारी ठेवा. पावडर जास्त घातली की मुंग्या वाटेतच मरतात आणि विष घरट्यातल्या राणीपर्यंत पोचत नाही. पहिले एक-दोन दिवस गर्दी वाढते, तेव्हा स्प्रे मारू नका. मारलात तर आमिष नेणाऱ्याच संपतात. बारीक पिवळसर मुंग्यांवर तर स्प्रे मुळीच नको. त्यांची वसाहत फुटून दोन-चार ठिकाणी नवी घरटी होतात. लहान मुलं किंवा मांजर पोचेल तिथे आणि अन्नाच्या भांड्यांजवळ हे आमिष ठेवू नये.

एक अपवाद पावसाळ्यातला. रांगेतल्या मुंग्यांच्या तोंडात तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसले, तर ते अन्न नसून त्यांची पिल्लं असतात. बाहेरच्या घरट्यात पाणी शिरलं म्हणून त्या बिऱ्हाड हलवत असतात. तेव्हा खाऊ शोधून उपयोग नाही. कुठल्या फटीत शिरतात ते पाहा, आणि त्या आत स्थिरावण्याआधी साबणाच्या पाण्याने वाट पुसून काढा.