बेसन संपतंही आणि सडतंही: कोठीची रेष आखताना होणाऱ्या चुका

सिंहगडाच्या पायथ्याशी आमचं छोटं हॉटेल. भजी, पिठलं-भाकरी, चहा. कोठीत बेसनाचा ३५ किलोचा कट्टा येतो आणि आमचा जुना नियम सोपा होता: शेवटचा कट्टा फोडला की व्यापाऱ्याला फोन करायचा. सोमवार ते गुरुवार हा नियम कधी अडला नाही. शुक्रवारी अडायचा.

रोजचा खप मोजला तेव्हा कारण कळलं. सोमवार ते शुक्रवार दिवसाला ८ किलो, शनिवार-रविवार १५ किलो. आठवड्याला ७०, म्हणजे सरासरी १० किलो. माल दोन दिवसांत येतो, म्हणजे २० किलो लागतील, आपल्याकडे तर ३५ आहे, मग संपेल कसं? पण शुक्रवारी रात्री फोन केला की ऑर्डर शनिवारी सकाळी लिहिली जाते, रविवारी दुकान बंद, टेम्पो येतो सोमवारी संध्याकाळी. तोवर शनिवारचे १५ आणि रविवारचे १५ गेले. सोमवारी सकाळी डब्यात ५ किलो. अकरा वाजता कढईखालचा गॅस बंद, आणि आचारी माझ्याकडे बघतोय.

म्हणून मागवायची रेष, म्हणजे रिऑर्डर पॉइंट, सरासरीवर आखू नका. माल यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते दिवस धरा आणि त्या दिवसांचा खराखुरा खप जोडा. आमचा हिशोब असा: शनिवार १५, रविवार १५, सोमवार ८, झाले ३८. टेम्पो एक दिवस उशिरा आला तर आणखी ८. रेष ४६ किलोवर.

भरायची रेष, म्हणजे पार लेव्हल, याच्या वर एका खेपेचा माल. आम्हाला एक खेप आठवडाभर पुरायला हवी, म्हणजे ७० किलो. ४६ आणि ७० मिळून ११६. रात्री मोजल्यावर ४३ किलो निघालं, तर ११६ मधून ४३ वजा, ७३. मागवायचे दोन कट्टे. उरलेल्या ३ किलोसाठी तिसरा कट्टा घ्यायचा नाही. अनेकांची कोठी या 'वरच्या' कट्ट्यांनीच भरते. काही जण कोठीत मावेल तेवढा माल हीच पार लेव्हल समजतात. ते मापच नव्हे.

आता एक चूक जी आम्ही दोनदा केली. शनिवारी मी ऑर्डर दिली. रविवारी रात्री पोऱ्याने मोजलं, १३ किलो. घाबरून त्यानेही फोन केला. मंगळवारी कोठीत चार कट्टे. मोजणीत हातातला माल आणि वाटेतला माल दोन्ही धरायचे: १३ अधिक ७०, ८३, म्हणजे रेषेच्या बरंच वर. कोठीच्या दारावर खडूने 'येणार: २ कट्टे, सोमवार' एवढं लिहिलं की भागतं.

खप बिलांवरून काढू नका. बिल म्हणजे आपण काय विकत घेतलं, काय वापरलं ते नव्हे. दोन आठवड्यांच्या सुरुवातीचा साठा, त्यात आलेला माल मिळवून शेवटचा साठा वजा करा. आमच्याकडे ८२ अधिक १४० वजा ७९, म्हणजे १४३ किलो निघाले. आणि ज्या दिवशी बेसन संपून भजी बंद पडली, तो दिवस या हिशोबात घेऊ नका. त्या दिवशीचा आकडा कमी दिसतो, त्यावरून रेष खाली येते आणि पुन्हा संपतं.

पावसाळ्यात मात्र खरी कसरत. भज्यांचा खप वाढतो: आमच्याकडे इतर दिवशी १२, शनिवार-रविवारी २४ किलो. रेष ७२ वर जाते (२४, २४, १२ आणि उशिराचे १२). पण त्याच दिवसांत बेसन दमट होतं, गुठळ्या धरतं, कुबट वास येतो, अळ्यांची जाळी दिसते. म्हणून मागवायची रेष वाढवा, खेप वाढवू नका. आम्ही खेप दोनच कट्ट्यांची ठेवली, पार लेव्हल १४२, आणि फोन आठवड्यातून कधी एकदा, कधी दोनदा करतो. कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि जुना पुढे.

रेष बरोबर आहे का हे शनिवार-रविवार ओलांडून येणाऱ्या खेपेवरून बघा. टेम्पो दारात उभा असताना कोठीत साधारण एका दिवसाचं बेसन असावं. प्रत्येक वेळी तीन दिवसांचं उरत असेल तर रेष उंच आहे. मधल्या वारी जास्तच उरणार, त्यावरून रेष उतरवू नका.

पाऊस ओसरताना रेष उतरवायला बहुतेक जण विसरतात. आमची भरायची रेषही एकदा १४२ वर तशीच राहिली आणि नवरात्र लागलं. निम्मं गिऱ्हाईक उपासाचं. साबुदाणा आणि दाणे दुपारीच संपले, बेसनाचे दोन कट्टे शिवलेलेच. आता नवरात्राच्या दोन आठवडे आधी बेसनाची खेप एका कट्ट्यावर आणतो आणि साबुदाण्याचा वेगळा हिशोब मांडतो, गेल्या वर्षीच्या त्याच नऊ दिवसांचा.