पाहुण्यांचा परिचय: मजकूर एक, सभा अनेक

भूजलावर व्याख्यानं देणाऱ्या आमच्या सरांचा परिचय वरचेवर मलाच करून द्यावा लागतो, म्हणून मूळ मजकूर एकदा लिहून ठेवलाय. तो दीडशे शब्दांचा हवा. सावकाश वाचला तर दीड मिनिट जातं, त्यापुढे लोक घड्याळ बघतात. नाव, गाव, शिक्षण त्यात हवंच, हे वेगळं सांगायला नको.

मूळ मजकुरात ‘सध्या’ हा शब्द ठेवू नका. ‘नुकतेच’ नको, ‘गेली वीस वर्षे’ही नको. त्याऐवजी साल लिहा: ‘२००४ पासून विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतात’. साल शिळं होत नाही, ‘गेली वीस वर्षे’ होतं. मागच्या वेळी सरांना मी भर सभेत ‘सध्या विभागप्रमुख’ म्हणालो, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं आणि नवे विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसले होते. पद हवंच असेल तर तिथे रिकामी रेघ ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करून भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लोक नुसता अंगठा पाठवतात.

आता श्रोते. गावात शेतकऱ्यांसमोर बोलायचं असेल तर शोधनिबंध काढून टाका. तिथे एवढंच सांगा की काळ्या पाषाणात एक बोअर लागतं आणि शेजारचं कोरडं का जातं, हे हे गृहस्थ विहिरीत उतरून बघतात. ‘डॉक्टर’ म्हणायचंच असेल तर पुढे ‘भूशास्त्राचे’ जोडा, नाहीतर चहाच्या वेळी कुणीतरी गुडघा दाखवायला येतो. (आलाय.) इंजिनिअरिंग कॉलेजात उलट करा: पीएचडी राहू द्या, विहीर उपसून पाणी किती वेळात भरतं ते मोजण्याच्या चाचण्यांचा उल्लेख करा. शहरातल्या सोसायटीत टँकरपासून सुरू करा, बाकी सगळं आपोआप ऐकतात. तिन्हीकडे बदल एक-दोन वाक्यांचाच असतो, सगळं नव्यानं लिहायला बसू नका. आणि उत्तर सांगून टाकू नका, ते सरांनी सांगायचं असतं.

बदल नेहमी प्रतीवर करा, मुळावर कधीच नाही. मुळात केलात तर सोसायटीचा टँकर पुढच्या महिन्यात गावात पोचतो. प्रतीला गावाचं नाव आणि तारीख द्या. आणि प्रत काढलीत की पुन्हा एकदा ‘सध्या’ शोधा. हो, पुन्हा. घाईत आपणच तो परत घुसवतो.

मग मोठ्याने एकदा वाचा, कागद मोठ्या अक्षरात छापा. आयोजकांनी वेगळा परिचय हातात ठेवला तर त्यातलं पद आधी सरांना विचारा, मगच माईक घ्या.